तीस दिवस थांबायचा रिमाइंडर: तो परत येतो तेव्हा त्यात काय लिहिलेलं असावं

प्रश्न: "काही घ्यावंसं वाटलं की लगेच ऑर्डर न करता फोनमध्ये ३० दिवसांनंतरचा रिमाइंडर लावतो. पण तो वाजला की एकतर मी स्वाइप करून टाकतो, नाहीतर 'चला, थांबलो ना महिनाभर' म्हणून लगेच घेऊन मोकळा होतो. मधे सेल येऊन गेला तर चुटपुट लागते ती वेगळीच. माझं नक्की काय चुकतंय?"

उत्तर:

मी ठाण्यात घरखर्चाचं नियोजन करून देते, बारा वर्षं झाली, आणि तुम्ही लिहिलंय अगदी तेच माझ्याकडे येणारे निम्मे लोक सांगतात. तुमच्या थांबण्यात काही चूक नाही, थांबताय तुम्ही व्यवस्थित. चूक आहे ती परत काय येतं त्यात. तुमच्या रिमाइंडरमध्ये बहुतेक नुसतं वस्तूचं नाव असणार, "एअर फ्रायर" किंवा "हेडफोन", फार तर लिंक. मग तिसाव्या दिवशी सकाळी फोनवर "एअर फ्रायर" असं झळकतं तेव्हा ती आठवण राहत नाही, जाहिरात होते. दुकानदार पाठवतो तशीच, फक्त पाठवणारे तुम्ही स्वतः. ती बघून एकतर हात झटकून टाकतो नाहीतर खरेदी होते, कारण तिसरं काही करायला त्यात मजकूरच नाही.

पहिल्या दिवशी आपल्याला ती वस्तू का हवी होती हे महिन्याभराने कुणालाच धड आठवत नाही. हवी होती एवढंच आठवतं. त्यामुळे तुलना कशाशी करायची हेच हातात राहत नाही. म्हणून मी लोकांना रिमाइंडर लावू नका, स्वतःला मेल लिहा असं सांगते. जीमेलमध्ये मेल लिहून ती पुढच्या तारखेला पोचेल अशी ठेवता येते. फोनवर मेल लिहून झाली की वरच्या तीन टिंबांवर दाबायचं, `Schedule send` निवडायचं, मग `Pick date & time` मध्ये तारीख आणि वेळ टाकायची. कॉम्प्युटरवर `Send` च्या बटणाला लागून छोटा बाण असतो त्यात हेच मिळतं. To मध्ये तुमचाच पत्ता. मेल `Scheduled` मध्ये जाऊन बसते आणि तारीख आली की इनबॉक्समध्ये येते. याचा फायदा असा की मधल्या दिवसांत ती समोर येत नाही. व्हॉट्सॲपवर स्वतःला मेसेज टाकणारे बरेच आहेत, पण तो तिथेच खाली खाली जात राहतो, आपणहून वर येत नाही, किंवा मग दर वेळी ते चॅट उघडलं की दिसत राहतो, म्हणजे दोन्हीकडून पंचाईत.

मेलमध्ये काय लिहायचं ते मी असं ठरवून दिलंय:

```
वस्तू आणि पूर्ण किंमत (डिलिव्हरी, इन्स्टॉलेशन धरून):
कुठे पाहिली, कुणामुळे मनात आली:
आत्ता तिच्याशिवाय काम कसं चालतं:
गेल्या ३० दिवसांत किती वेळा लागली असती:
नाही घेतली तर नक्की काय अडेल:
```

यातली चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची आणि लोक नेमकी तीच टाळतात. "खूपदा लागते" असं लिहू नका, आकडा लिहा, आणि तो पुढच्या महिन्याचा अंदाज नको, मागच्या महिन्याचा मोजलेला हवा. पुढच्या महिन्यात आपण सगळेच रोज सकाळी पळायला जाणार असतो. मागच्या महिन्यात किती वेळा गेलो हे मात्र बदलता येत नाही. दुसरी ओळही मनापासून लिहा. ऑफिसमधल्या मैत्रिणीने आणली म्हणून, रील पाहिली म्हणून, वहिनीच्या किचनमध्ये दिसली म्हणून, जे असेल ते. त्यात कमीपणा काही नाही, पण महिन्याभराने तेच कारण वाचताना त्याचं वजन वेगळं लागतं.

किंमत पूर्ण लिहा म्हणते तेही कारण असून. "महिन्याला ४,००० फक्त" असं लिहिलंत की तिसाव्या दिवशी तुम्ही ४,००० चा निर्णय घेता, २४,००० चा घेत नाही. नो कॉस्ट ईएमआयचंही तसंच आहे. त्यात व्याज नसतं असं नाही, बँक व्याज लावतेच, दुकान तेवढी सूट आधी देतं म्हणून हप्त्यांची बेरीज किमतीएवढी दिसते. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्याच खिशातून जातो आणि बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी वेगळी. २४,००० ची वस्तू सहा हप्त्यांत, व्याजदर १५ टक्के धरला, तर व्याज साधारण हजार रुपये होतं, त्यावर जीएसटी १८० च्या आसपास, आणि फी १९९ असेल तर तिच्यावर पुन्हा जीएसटी, म्हणजे चारशेच्या वर जादा. रक्कम मोठी नाही, मान्य. पण मेलमध्ये खरा आकडा असू दे.

आता मधले तीस दिवस. इथे तुमचा दुसरा घोटाळा असावा असं मला वाटतं, कारण सेल गेल्याची चुटपुट लागते म्हणजे सेल चालू आहे हे तुम्हाला कळत होतं, त्या वस्तूची किंमत उतरलेली दिसत होती. वस्तू कार्टमध्ये किंवा विशलिस्टमध्ये ठेवून तुम्ही थांबत असाल तर ते थांबणं नाही. शॉपिंग ॲप तुम्हाला दर चार दिवसांनी सांगत राहतं, किंमत कमी झाली, दोनच शिल्लक आहेत, तुमच्या कार्टमध्ये राहिलंय बघा. आणि एकदा ती वस्तू उघडून बघितली की बातम्या वाचताना, व्हिडिओ बघताना तीच बाजूला येत राहते. अशाने इच्छा निवत नाही हो, बरणीतल्या लोणच्यासारखी मुरते. तिसाव्या दिवशी ती पहिल्या दिवसापेक्षा जास्त तिखट झालेली असते आणि आपल्याला वाटतं, बघा, महिनाभर मनातून गेली नाही म्हणजे खरंच हवी आहे! जाऊ दिली कुठे तिला.

म्हणून मेल शेड्यूल केली की लगेच, त्याच बैठकीत, तीन कामं करायची. कार्ट आणि विशलिस्ट दोन्हीतून वस्तू काढायची. ॲपच्या ब्राउझिंग हिस्टरीमधून ती पुसायची. आणि फोनच्या सेटिंगमधून त्या ॲपची नोटिफिकेशन बंद करायची, कमीत कमी ऑफरवाली. ऑर्डर कुठे पोचली ते हवं असतं म्हणून लोक नोटिफिकेशन बंद करायला कां कूं करतात, पण ते एसएमएसवर येतंच. जाहिराती पूर्ण थांबत नाहीत, पण बऱ्याच कमी होतात. खोटी घाई दाखवणं, म्हणजे "शेवटचे दोन नग" वगैरे खोटं लिहिणं, हे २०२३ साली केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नच्या यादीत घातलंय, त्यात असे एकूण १३ प्रकार आहेत. नियम आहे म्हणून ते थांबलंय असं समजू नका, एवढंच की अशा ओळीवर विश्वास ठेवायचं कारण नाही.

तारीख कुठली टाकायची यावरही थोडं सांगते. तीसच दिवस का, तर त्यात महिन्याचं एक पूर्ण चक्र येतं, पगार, क्रेडिट कार्डाचं बिल, सोसायटीचा मेंटेनन्स, शाळेची फी, किराणा. पंधरा दिवस धरले तर पगार झाल्या झाल्या हात सैल असतो तेवढाच भाग वाट्याला येतो किंवा महिनाअखेरची ओढाताण तेवढीच येते, दोन्ही वेळचा निर्णय एकांगी. पण तीस आकडा धरून बसू नका. तीस दिवस झाल्यावर येणारा पहिला रविवार धरा, सकाळी दहा-साडेदहाची वेळ. रात्रीची नको, रात्री अकरानंतर अंथरुणात पडून झालेल्या ऑर्डरींवर मी इतके हिशोब पाहिलेत की ते कळकळीने सांगते. आणि तो रविवार पगारानंतरच्या चार-पाच दिवसांत येत असेल तर पुढचा धरा.

आता मेल आली, त्या दिवशी करायचं काय. मेलचा विषय मी फक्त "निर्णय" एवढा लिहायला सांगते, वस्तूचं नाव नाही. का, तर मेल उघडण्याआधी एक मिनिट आठवून बघायचं की महिन्याभरापूर्वी आपण काय घ्यायला निघालो होतो. आठवलंच नाही तर बराचसा निकाल लागला. आठवलं तर कागदावर लिहायचं, या महिन्यात कितीदा ती वस्तू लागली होती आणि नसल्यामुळे काम अडलं. नुसती आठवण झाली ते मोजायचं नाही, अडलं ते मोजायचं. मग मेल उघडून आपलं जुनं लिखाण वाचायचं. लिंक अजूनही उघडायची नाही. निर्णय मेल वाचून घ्यायचा, वस्तूचा फोटो बघून नाही, फोटो बघितला की पुन्हा पहिला दिवस सुरू.

एक केस सांगते म्हणजे नीट लक्षात येईल. डोंबिवलीचं एक जोडपं, दोघंही नोकरी करणारे, हातात येणारे मिळून ९५ हजार, घराचा हप्ता जाऊन फार उरत नाही. ताईंनी एका आठवड्यात दोन मेल शेड्यूल केल्या होत्या. एक एअर फ्रायर, ७,४९९. दुसरी कामाची खुर्ची, ९,२००, कारण आठवड्यातले तीन दिवस घरून काम आणि ते चालायचं डायनिंगच्या खुर्चीवर, पाठीला उशी लावून. एअर फ्रायरच्या मेलमध्ये लिहिलं होतं, नणंदेकडे बघितला, तेल कमी लागेल, मुलांना नगेट्स. "गेल्या ३० दिवसांत किती वेळा तळण केलं" याला आकडा होता ३. खुर्चीच्या मेलमध्ये, आत्ता कसं चालतं: उशी आणि संध्याकाळी शेकायची पिशवी. किती वेळा: १२ दिवस.

महिन्याभराने रविवारी त्या माझ्यासमोर बसल्या होत्या. एअर फ्रायर त्यांना न वाचता आठवला, म्हणजे विसरल्या नव्हत्या, आणि हौसही गेलेली नव्हती. पण महिन्यात अडलं किती, तर एकदाही नाही. आणि वाचता वाचता त्यांच्या एक लक्षात आलं जे पहिल्या दिवशी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, की ओट्यावर दोनच प्लग आहेत, एक मिक्सरचा, एक वॉटर प्युरिफायरचा, आणि हे धूड ठेवायचं तर मिक्सर रोज कपाटातून काढायचा आणि आत ठेवायचा. हे कळायला तीस दिवस त्या ओट्यावर स्वयंपाक करायला लागतो. त्यांनी तो सोडला. खुर्चीबाबत मात्र त्यांनी कागदावर लिहिलं, ११ दिवस उशी, दोनदा रजा घेऊन झोपून राहिले. खुर्ची तोपर्यंत साडेनऊशेने महागली होती, १०,१५०. त्यांचा जीव थोडा खालीवर झाला, आधीच घेतली असती तर असं म्हणाल्या. मी सांगितलं, ते साडेनऊशे धरूनही तुमचे ७,४९९ वाचलेत, दोन्ही मेल एकाच सवयीतून आल्यात, एकीचा तोटा आणि दुसरीचा फायदा वेगळे करू नका. त्याच दिवशी खुर्चीची ऑर्डर टाकली, बचत खात्यातून, एकरकमी.

थांबण्याने कधीमधी वस्तू महाग पडणार, हे आधीच मान्य करून टाका, म्हणजे प्रत्येक वेळी मनाला लागत नाही. वर्षाची बेरीज बघा, वस्तूची नको.

निर्णय तीनच. घेणार, सोडणार, किंवा एकदाच पुढे ढकलणार. दुसऱ्यांदा ढकलायचं नाही, नाहीतर ती यादी साठत जाते, चाळीस वस्तूंची होते, आणि बघायचा कंटाळा येऊन सगळंच बंद पडतं. तुम्ही स्वाइप करता म्हणालात ना, त्यालाही अर्थ द्या. नियम असा करा, मेल आल्यापासून दोन दिवसांत उघडून निर्णय घेतला नाही तर ती वस्तू सोडली. मग न उघडणं हेही उत्तरच झालं, अपराधी वाटायचं कारण नाही आणि परत लावायचं कारणही नाही. घेणार असाल तर एक अट मात्र मी प्रत्येकाला घालते, पूर्ण रक्कम त्या दिवशी बाजूला असायला हवी, इमर्जन्सीच्या पैशाला हात न लावता. "थांबलो महिनाभर, आता हक्क झाला" हे जे तुम्हाला वाटतं ते या अटीने सुटतं. थांबल्याने हक्क येत नाही, पैसे साठले आणि काम अडलं या दोन्हींनी येतो.

सेलचं उत्तर वेगळं आहे, तिथे थांबू नका असं मी म्हणणार नाही आणि धावा असंही नाही. सेलच्या आधीच मेल लिहा. आपल्याकडे सणांची अंतरं यासाठी अगदी सोयीची आहेत. मोठे ऑनलाइन सेल नवरात्र-दसऱ्याच्या सुमाराला लागतात. गणेश चतुर्थी ते दसरा हे अंतर साधारण पस्तीस-छत्तीस दिवसांचं असतं. गणपतीत घरी सगळे जमलेले असतात, काय तुटलंय, काय लागतंय हे बोलणं होतंच, तेव्हाच मेल लिहून टाका, तारीख नवरात्रातल्या शेवटच्या दिवसांची. तसंच गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया साधारण एकतीस दिवस. सोनं, फ्रिज, एसी यांचे बेत पाडव्याला लिहायचे आणि तृतीयेला ठरवायचे, मुहूर्त चुकत नाही आणि महिना थांबणंही होतं. सेल सुरू झाल्यावर मनात आलेल्या वस्तूला मात्र हा सेल मिळत नाही, ती पुढच्या सेलची. आणि सूट खरी का ते पाहायला ॲमेझॉनच्या वस्तूंसाठी `Keepa` वर किमतीचा मागचा आलेख दिसतो. सेलच्या आधी महिनाभर किंमत चढवून मग उतरवलेली असेल तर तिथे स्पष्ट दिसतं.

हे सगळं कशाला लागू नाही तेही सांगते. बंद पडलेला मिक्सर, चष्मा, औषध, मुलांची शाळेची वह्या-पुस्तकं, जूनच्या तोंडावर रेनकोट, यांना तीस दिवस लावणं म्हणजे स्वतःला छळणं. मात्र फ्रिज बंद पडला की "आलोच आहोत तर डबल डोअर घेऊ" यातला वरचा खर्च थांबवता येतो, तेवढ्याला एक रात्र तरी द्या. किती रकमेच्या वर मेल लिहायची हे घराघरावर आहे, मी हातात येणाऱ्या पगाराच्या दोन-तीन टक्क्यांपासून सुरू करायला सांगते, म्हणजे ६० हजारांना साधारण दीड हजार. पण काहींचे पैसे मोठ्या वस्तूंत जातच नाहीत, चारशे-पाचशेचे कुर्ते, लिपस्टिक, मोबाईलची कव्हरं यात जातात आणि एकही त्या रकमेच्या वर येत नाही. त्यांनी वस्तूची मेल लिहून उपयोग नाही, "या महिन्याचे कपडे" अशी एकच मेल, एकूण रक्कम घालून. आणि क्रेडिट कार्डावर फक्त मिनिमम ड्यू भरणं चालू असेल, किंवा पार्सल घरच्यांपासून लपवावं लागत असेल, तर आधी ते कर्ज आणि ते लपवणं कुणाशी तरी नीट बोलून सोडवा. अशा वेळी ही मेल पुरी पडत नाही, मी तसा प्रयत्न करून पाहिलाय.

नवरा-बायको दोघांनी करायचं असेल तर मेलपेक्षा दोघांना दिसणारी एक गुगल शीट बरी पडते. पहिल्या कॉलममध्ये तारीख, मग वस्तू, किंमत, कारण, आणि E मध्ये खालचं सूत्र ओढून घ्या:

```
=IF(A2="","",A2+30)
```

F मध्ये निर्णय लिहायचा. पण शीट आपणहून समोर येत नाही, म्हणून कॅलेंडरमध्ये महिन्यातला एक रविवार त्यासाठी लावून ठेवा, आणि त्या दिवशी E मधली तारीख उलटून गेलेल्या ओळीच बघा. एकमेकांच्या ओळीवर शेरे मारायचे नाहीत हे आधी ठरवा, एका घरात याच कारणावरून शीट दुसऱ्या महिन्यात बंद पडली.

तुमच्या फोनमध्ये आत्ता जे जुने रिमाइंडर लागलेले आहेत ते नुसते पुसू नका. प्रत्येकाची वस्तू बघून, लिंक न उघडता, वरच्या पाच ओळी भरता येतात का बघा. चौथ्या ओळीत आकडा लिहिता आला त्यांचीच मेल शेड्यूल करा, तारीख आजपासून मोजून.